‘पुट अप विथ’ चुकतं म्हणून शाखा बदलायची?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, तिला भाषांतराच्या क्षेत्रात जायचंय. मी रोज वीस फ्रेजल व्हर्ब पाठ करून घेतो. तरी ‘पुट अप विथ’ आलं की ‘वर ठेवणे’ लिहिते. इंग्रजी तिला झेपणार नाही असं वाटतं. सायन्सला घालू का? – एक पालक

उत्तर : मुलीच्या चुकीपेक्षा तुमच्या रोजच्या वीसची मला जास्त काळजी वाटते. तिने ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर अशी बेरीज केली. यादीत सुट्टा शब्द समोर आला की डोकं चालवणारं मूल हेच करणार. यावरून ‘झेपणार नाही’ असा निकाल तिला ऐकवू नका. सायन्स आवडत असेल तर जरूर घेऊ दे. इंग्रजीतून सुटका म्हणून नको.

सुट्या शब्दांचे अर्थ जोडले की फ्रेजल व्हर्बचा अर्थ निघतो, हा समज मात्र काढायलाच हवा. काही ठिकाणी तो निघतो, म्हणूनच फसायला होतं. ‘पुट अप अ पोस्टर’मध्ये पोस्टर खरंच वर लागतं. ‘ईट अप’मध्ये ‘अप’चा अर्थ ‘वर’ राहत नाही, ‘पूर्ण संपवणं’ होतो, पण खाणं शाबूत असतं. ‘पुट अप विथ’मध्ये ठेवणंही उरत नाही आणि वरही उरत नाही. तीन शब्द मिळून एकच क्रियापद होतं : सहन करणे, खपवून घेणे. आपल्या ‘खपवून घेणे’तही विक्री किंवा खरेदी कुठे असते?

तिला ही दोन वाक्यं शेजारी लिहून द्या. ‘ही पुट अप अ टेंट विथ हिज ब्रदर’ आणि ‘ही पुट अप विथ हिज ब्रदर’. पहिल्यात ‘अप’नंतर तंबू आला, म्हणून ‘विथ’ भावाकडे गेलं : भावाबरोबर तंबू उभारला. दुसऱ्यात मध्ये काहीच नाही, ‘विथ’ क्रियापदालाच चिकटलं : भावाला सहन केलं. शब्द तेच आहेत, फरक फक्त कर्माच्या जागेचा.

लिहिताना तिला हीच जागा तपासायला सांगा. ‘पुट द पोस्टर अप’ चालतं. ‘पुट द नॉइज अप विथ’ कधीच चालत नाही. कर्म ‘विथ’च्या नंतरच येतं, सर्वनाम असलं तरी : ‘पुट अप विथ इट’. ‘विथ’ गाळण्याची चूकही फार होते. ‘आय कान्ट पुट अप द नॉइज’ याचा ‘मला आवाज सहन होत नाही’ असा अर्थ होत नाही. शंका आली तर तिन्ही शब्दांच्या जागी एकदम ‘टॉलरेट’ घालून बघावं. वाक्य उभं राहिलं तर अर्थ बरोबर. मात्र उत्तरात लगेच ‘टॉलरेट’ लिहू नये; ते जरा औपचारिक आहे, बोलण्यात ‘पुट अप विथ’च जास्त येतं.

वीसची यादी आजच बंद करा. आठवड्याला तीनच घ्या, पण प्रत्येकाची दोन पूर्ण वाक्यं तिने स्वतः रचावीत आणि कर्माखाली रेघ मारावी. वही तपासताना आधी ती रेघ कुठे आहे ते बघा, अर्थ नंतर विचारा.