मखाणा खा, पण वाटीत मोजून

दादा, शुगर निघाल्यावर मीही रविवार कारंजावरून अर्धा किलो मखाणा आणला होता. हलका म्हणून टीव्हीसमोर डबाच मांडीवर घ्यायचो. दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला तेव्हा डोळे उघडले.

वजनाला हलका असला तरी तो मुख्यतः पिष्टच. 25 ग्रॅममध्ये साधारण 19 ग्रॅम कर्बोदकं आणि 90 कॅलरी, म्हणजे जवळपास एक पोळी. प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. एकदा काट्यावर 25 ग्रॅम तोल आणि घरातली कोणती वाटी भरते ते बघून ठेव. तेवढंच चार वाजता, सोबत मूठभर फुटाणे किंवा ताक. जेवणावर वरून नको.

मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कोरडाच भाज. चिमटीत दाबल्यावर कट्कन फुटला की झाला. दबला तर अजून कच्चा. तूप एक चमचा घातलंस की 45 कॅलरी वाढल्या, वजन उतरवायचं असेल तर हेही हिशेबात धर.

वहिनींना किडनीचा त्रास आहे ना? त्यांना मसाल्याचं पाकीट नको, मीठ फार असतं. लो सोडियम मीठही नको, त्यात पोटॅशियम असतं. त्यांचं प्रमाण पोटॅशियम-फॉस्फरसचे रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडूनच ठरव.