शार्प एक सांगतो, ट्रेनर आणि अल्फा दुसरंच: दोन फंडांत कोणाचं ऐकायचं

"आंब्याचे पैसे आले की दरवर्षी थोडे इक्विटी फंडात टाकतो. दोन फंडांत अडकलोय. शार्प रेशो बघितला तर पहिला पुढे, ट्रेनर आणि अल्फा बघितला तर दुसरा. दोन्हीतला एकच ठेवायचाय. बाकी माझ्याकडे बाग आणि एफडी, दुसरा कुठला फंड नाही. कुठला आकडा धरू? देवगड."

तुमच्या केसमध्ये शार्प. आणि याचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे, "दुसरा कुठला फंड नाही". (मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार वगैरे नाही हां, रत्नागिरीत नोकरी करतो आणि घरच्यांच्या फंडांचे हिशोब बघतो, तेवढ्याच अधिकाराने लिहितोय.)

तिन्ही आकडे फंडाने बिनजोखमीच्या व्याजावर किती जास्त कमावलं इथूनच सुरू होतात, फरक आहे तो जोखीम कशाला म्हणायचं त्यात. शार्प त्या जादा कमाईला फंडाच्या एकूण चढउताराने, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनने भागतो. ट्रेनर फक्त बीटाने भागतो, म्हणजे बाजार हलला म्हणून फंड जेवढा हलला तेवढंच मोजतो, फंडाचे स्वतःचे वेगळे झटके सोडून देतो. अल्फा भागत नाही, वजाबाकी करतो: एवढ्या बीटाला एवढं मिळायलाच हवं होतं, त्याच्या वर किती टक्के मिळालं.

आंब्यातच सांगतो. अवकाळी पाऊस आला की तो सगळ्या तालुक्याला झोडपतो, तो बीटा. पण वणवा लागतो तो एखाद्याच्याच बागेला. मुंबईचा व्यापारी पन्नास बागांचा माल उचलतो, एका बागेत वणवा लागला तर त्याचं फारसं बिघडत नाही, म्हणून त्याला ट्रेनर चालतो. ज्याची एकच बाग आहे त्याला पाऊसही भोवतो आणि वणवाही, त्याने एकूण जोखीमच बघायची.

आता आकड्यात बघू. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या फंडाचे नाहीत. बिनजोखमीचा दर 6 टक्के, बाजाराचा परतावा 12 आणि चढउतार 14. पहिला फंड साधा लार्ज कॅप: परतावा 13, चढउतार 14, बीटा 0.95. दुसरा एका सेक्टरचा: परतावा 15, चढउतार 22, बीटा 0.90.

पहिल्याचा शार्प 7 भागिले 14, म्हणजे 0.50. दुसऱ्याचा 9 भागिले 22, म्हणजे 0.41. नुसत्या बाजाराचा शार्प 0.43 येतो, म्हणजे एकट्याने धरायचा तर दुसरा फंड इंडेक्स फंडापेक्षाही मागे. आता ट्रेनर: पहिल्याचा 7.4, दुसऱ्याचा 10. अल्फा: पहिल्याचा 1.3, दुसऱ्याचा 3.6. झाली उलटापालट. फंड तेच, फक्त दुसऱ्याचे स्वतःचे झटके मोजायचे की नाही एवढाच प्रश्न.

दुसऱ्याचा आर-स्क्वेअर्ड काढला तर साधारण 0.33 येतो. म्हणजे त्याच्या चढउतारातला तिसराच हिस्सा बाजारामुळे, बाकी सगळं त्याचं स्वतःचं. मग बीटाला अर्थ किती उरला? आणि बीटाच लंगडा असेल तर ट्रेनर आणि अल्फा दोन्ही त्याच्यावरच उभे आहेत. पहिल्याचा आर-स्क्वेअर्ड 0.90, तिथे बीटा भरवशाचा.

आमच्या काकांच्या निवृत्तीच्या पैशाचं नेमकं इथेच वाटोळं झालं. एका बँकेच्या शाखेत फंडांचं टेबल आहे, तिथल्या माणसाने अल्फाप्रमाणे लावलेली यादी समोर ठेवली आणि वरचा सेक्टर फंड गळ्यात मारला, काकांची होती नव्हती ती सगळी इक्विटी त्यात. यादीवर आर-स्क्वेअर्ड नाही, कालावधी नाही, अल्फा कुठल्या इंडेक्सशी मोजला तेही नाही. मी जाऊन विचारलं तर "शीट वरून येते". लेखी विचारलं तर त्याच यादीची प्रत परत, वर शिक्का मारून! शेवटी फॅक्टशीट लावून मीच ताळा घेतला. सेक्टर फंडाचा अल्फा निफ्टीशी काढलेला, त्याच्या सेक्टरच्या इंडेक्सशी नाही, आणि तोही डिव्हिडंड न धरलेल्या निफ्टीशी. डिव्हिडंड साधारण सव्वा टक्का असतो, म्हणजे काहीही न करता फंडाला जवळपास तेवढा अल्फा फुकट. सेबीने 1 फेब्रुवारी 2018 पासून तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशीच करायला लावली ती यासाठीच, पण शाखेतल्या छापील कागदाला कोण विचारतं. तक्रार कुठे करायची तेसुद्धा तिथे कोणी सांगेना. असो, विषय भरकटला.

मग ट्रेनर आणि अल्फा बघायचेच नाहीत का? बघायचे, पण आधीच चार-पाच वेगळे फंड असतील आणि त्यात एक भर घालायची असेल तेव्हा. तिथे एकेका फंडाचे झटके एकमेकांत बरेचसे जिरतात. या दोघांत मी ट्रेनरला वर ठेवतो, कारण अल्फा बीटाबरोबर फुगतो. 1.3 बीटाच्या फंडाने जादा 10 टक्के दिले तर वरच्याच बाजारात अल्फा 2.2, आणि 0.7 बीटाच्याने जादा 6 दिले तर 1.8. अल्फाने पहिला जिंकला, पण ट्रेनर 7.7 आणि 8.6, म्हणजे जोखमीच्या मापाने दुसरा. माझं मत, पटलं नाही तर सोडा.

आणि तीन वर्षांच्या आकड्यांवर फार जीव टाकू नका. वरच्या सेक्टर फंडाचे स्वतःचे झटके वर्षाला 18 टक्क्यांच्या घरात येतात. तीन वर्षांच्या सरासरीत त्याची चूक दहाएक टक्के इकडे-तिकडे, त्यात 3.6 चा अल्फा कुठे दिसणार? 0.50 आणि 0.41 हा फरकसुद्धा तसा किरकोळच. म्हणून एकाच प्रकारच्या दोन फंडांचे शार्प जवळजवळ असले की मी ज्याचा खर्च कमी तो घेतो, डायरेक्ट प्लॅन.

स्वतः बघताना दोन्ही फॅक्टशीट एकाच महिन्याच्या घ्या आणि तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा, तिथे बिनजोखमीचा दर लिहिलेला असतो (बहुतेक ठिकाणी ओव्हरनाइट मायबॉर), दोघांचा एकच हवा. एकाचे आकडे महिन्याचे आणि दुसऱ्याचे वर्षाचे असले तर तुलना गेली. आणि शार्प उणे असेल तर क्रम लावूच नका. दोघांनीही 3 टक्के दिले, दर 6, चढउतार 12 आणि 24, तर शार्प उणे 0.25 आणि उणे 0.125, म्हणजे जास्त हेलकावे खाणारा वर दिसतो!

दुसरा फंड आधीच घेतलेला असेल तर स्विच करण्याआधी थांबा. स्विच म्हणजे विक्रीच धरतात. वर्षाच्या आत केला तर बहुतेक इक्विटी फंडांत 1 टक्क्यापर्यंत एक्झिट लोड आणि नफ्यावर 20 टक्के कर, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. त्यापेक्षा जुनं तिथेच राहू द्या आणि या हंगामाचे पैसे पहिल्यात टाका.