शेअर फुगला की भावाचं एकक बदललं?

प्रश्न: माझ्या शीटमध्ये लंडनच्या बाजारातला एक शेअर एकूण गुंतवणुकीच्या ६७ टक्के दिसतोय. गेल्या महिन्यात तो २ टक्के होता. मध्ये फक्त भाव पुरवणारी सेवा बदलली. जोखीम कमी करायला त्यातले तीन चतुर्थांश विकू का?

उत्तर: एकही शेअर विकू नका. तुम्ही पाठवलेल्या शीटमध्ये ४०० शेअर्स आहेत आणि नवा भाव २५० आहे, म्हणून किंमत १,००,००० पौंड निघाली. जुनी सेवा याच शेअरचा भाव २.५० देत होती. लंडनमध्ये बहुतेक शेअर्सचे भाव पेन्समध्ये सांगतात आणि १०० पेन्स म्हणजे एक पौंड. तुमच्याकडे १,००० पौंडांचेच शेअर्स आहेत. बाकीची गुंतवणूक ४९,००० पौंडांची, म्हणजे हिस्सा अजूनही २ टक्केच आहे.

शंका आली की एकाच दिवसाचा बंद भाव दोन्हीकडून घ्या आणि भागाकार करा. D2 मध्ये नवा आणि C2 मध्ये जुना भाव असेल तर:

```
=ROUND(LOG10(D2/C2),0)
```

उत्तर ० आलं तर एकक जुळतंय. २ किंवा -२ आलं तर पेन्स-पौंडाचा घोळ असण्याचीच शक्यता जास्त. शेअरचं विभाजन झालं आणि एकाच सेवेने ते धरलं असेल तरीही असा फरक दिसू शकतो, पण शंभरास एक असं विभाजन क्वचितच होतं.

आता सगळ्या लंडनच्या भावांना १०० ने भागायचा मोह होईल. तसं केलंत तर नवी चूक होईल, कारण तिथले काही ईटीएफ पौंडात किंवा डॉलरमध्येच भाव दाखवतात. प्रत्येक ओळीचा चलन-कोड बघा: `GBP` म्हणजे पौंड, `GBp` किंवा `GBX` म्हणजे पेन्स. तुमची चूक नेमकी इथेच झाली असावी. शीटमधली साधी तुलना लहान-मोठं अक्षर ओळखत नाही, त्यामुळे `GBp` आणि `GBP` तिला एकच वाटतात. त्यासाठी EXACT लागतं. E2 मध्ये कोड असेल तर:

```
=IF(OR(EXACT(E2,"GBp"),E2="GBX"),D2/100,D2)
```

लाभांशाचा रकानाही तपासा. भाव २५० पेन्स आणि लाभांश १० पेन्स असेल तर परतावा ४ टक्के. लाभांश पौंडात, ०.१० असा आला आणि भाव पेन्समध्येच राहिला, तर तो ०.०४ टक्के दिसेल आणि एखादा चांगला शेअर तुम्ही उगाच काढून टाकाल.

दोन्ही सेवा एकाच प्रकारे चुकल्या असतील तर पहिलं सूत्र ० दाखवून गप्प बसेल. म्हणून ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट काढा. खात्यातून प्रत्यक्ष किती पौंड गेले, हे तिच्यात लिहिलेलं असतं.