उंच स्ट्रायकरच्या जोडीला खेळताना

तुझा उंच स्ट्रायकर हेडर जिंकतोय, पण बॉल समोरच्यांनाच मिळतोय, म्हणजे तू उशिरा निघतोयस. बॉल हवेत असताना वर बघत उभा राहू नकोस, स्ट्रायकरकडे बघ. डिफेंडरला पाठीवर घेऊन तो जागच्या जागी उडाला, तर बॉल बहुतेक त्याच्या पुढ्यातच पडेल. तिथे मिडफिल्डरने धावत यायला हवं. स्ट्रायकर मोकळा उडून मान मागे नेताना दिसला, तर बॉल पाठीमागे जाणार. तिथे तू हवास, आणि धाव त्याच्या डोक्याला बॉल लागायच्या आधीच सुरू झालेली हवी.

इंग्लंडच्या सन्डरलंड क्लबचा उंच स्ट्रायकर नायल क्विन आणि त्याचा जोडीदार केव्हिन फिलिप्स यांच्या जुन्या मॅचेस बघच. १९९९-२००० मध्ये फिलिप्सने प्रीमियर लीगमध्ये ३० गोल केले. क्विन उडायच्या बेतात असताना फिलिप्सचे पाय काय करतात, तेवढंच बघ.

एक मात्र सांभाळ. ऑफसाइड तुझ्या स्ट्रायकरच्या हेडरच्या क्षणीही नव्याने मोजला जातो. म्हणून शेवटच्या डिफेंडरच्या अलीकडून, जरा तिरकं निघ. आणि अगदी चिकटून राहू नकोस, पाच-सात मीटर अंतर ठेव. नाहीतर तुझा डिफेंडरही त्याच्याच अंगावर जातो.