नव्या आशाताईला: गोळी दिलीस, आता पायांकडे बघ

अगं, जंत म्हटलं की सगळ्यांना शौचातून पडणारा लांब गोल जंत आठवतो. तो अन्न खातो, पोट फुगवतो. पण रक्त पिणारा वेगळाच, अंकुशकृमी. तो जेमतेम सेंटिमीटरभर, आतड्याला चिकटलेला, त्यामुळे आईला कधी दिसतच नाही.

माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता. पापणीची आतली बाजू पांढुरकी, माती खायची सवय. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी माझ्यासमोर चावून खाल्ली, तरी सहा महिन्यांनी तसाच फिकट. घरी गेले तर पोरगा अनवाणी, शौचाला बांधापलीकडे. तिथल्या ओल्या मातीतल्या अळ्या पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. गोल जंताची अंडी मात्र न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून तोंडात जातात. त्याला साबण हवा, इथे चप्पल आणि संडास.

गोळी आतले जंत मारते, गेलेलं रक्त भरत नाही. म्हणून लोहाचं औषध चालू ठेवायला लावलं. आणि हो, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच गोळी, चुरून पाण्यातून. रडत्या पोराच्या तोंडात कोंबू नकोस, ठसका लागतो. त्या दिवशी ताप असेल तर नंतर दे.