रेटिनातली कड: आधी आकडे मांडून बघ

लॅटरल इनहिबिशनची, म्हणजे शेजारच्या पेशींनी एकमेकींना दाबण्याची, आकृती पाठ करण्याआधी वहीत एक ओळ मांड: 10, 10, 10, 20, 20, 20. हा सहा पेशींवर पडणारा प्रकाश. प्रत्येक पेशीच्या आकड्यातून तिच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा वजा होतो असं धर. अंधाऱ्या बाजूला आतल्या पेशीचं उत्तर 8 येतं, पण कडेला लागून असलेलीचं 7, कारण तिचा एक शेजारी झगझगीत आहे. उजेडात आत 16, कडेवर मात्र 17. (टोकाच्या दोन पेशी सोडून दे, त्यांना शेजारी एकच.) आतला फरक 8 चा, कडेवरचा 10 चा.

रेटिनात ही वजाबाकी मुख्यतः हॉरिझाँटल पेशी करतात. आसपासच्या प्रकाश टिपणाऱ्या शंकू पेशींकडून संदेश गोळा करून उलट त्यांनाच दाबतात. पुढे मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या गँग्लियन पेशीत केंद्र आणि भोवतालचं कडं दिसतं. कफलरने 1953 मध्ये मांजरात ते दाखवलं: 'ऑन' केंद्रावर बारीक ठिपका टाकला की पेशी धडाधड फायर करते, ठिपका मोठा होऊन कड्यावर पसरला की जोर ओसरतो.

हर्मन ग्रिडमध्ये, म्हणजे काळ्या चौकोनांच्या जाळीत, पांढऱ्या रेषांच्या छेदांवर भासणारे करडे ठिपके मात्र एवढ्यावरून समजावू नकोस. तिथल्या रेषा नागमोडी केल्या की ठिपके गायब होतात, आणि वजाबाकी तर तशीच चालू असते.