गुडघा झटका का मारतो: ढोलवाल्याचा हिशोब

प्रश्न: ब्लेंडरमध्ये ढोलवाल्याचं थ्रीडी कॅरेक्टर केलंय. वॉक सायकल आणि तीन-चार हावभाव हवेत. चालताना गुडघा झटका मारतो, पाय घसरतात. हाताने हाडांचा सांगाडा, म्हणजे रिग, करू की तयार रिग देणारं Rigify वापरू?

यावर माझा एका सहकाऱ्याशी जुना वाद आहे. आम्ही एकत्र शिकवायचो, आणि गुडघ्याने झटका मारला की तो म्हणायचा, 'रिग चुकलंय, Rigify घे.' रिग बहुतेक वेळा ठीक असतं. चूक कमरेच्या उंचीत असते.

तुमच्या ढोलवाल्याची मांडी 40 सेंमी आणि नडगी 40 सेंमी धरा. कमरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत अंतर 80 असेल तेव्हा पाय काठीसारखा सरळ. ते 79 केलं की गुडघा एकदम 18 अंश वाकतो. 78 केलं तर 26 अंशांच्या आत राहतो. म्हणजे पहिल्या सेंटिमीटरला 18 अंश आणि पुढच्याला आठसुद्धा नाहीत. पाय पूर्ण ताणून पुन्हा सैल झाला की दोन फ्रेममध्ये गुडघा एवढा फिरतो, तोच तुमचा झटका. त्यामुळे अंतर 78 च्या वर जाऊच द्यायचं नाही.

आता ढांग 60 सेंमीची घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकलेल्या पोझमध्ये, म्हणजे काँटॅक्टला, एक घोटा 30 पुढे आणि दुसरा 30 मागे असतो. अंतर 78 ठेवायचं तर कंबर घोट्यापासून 72 उंचीवर हवी. नवशिके ती 75 वर ठेवतात. मग लागणारं अंतर जवळपास 81 होतं, पाय पोचतच नाही आणि पाऊल कंट्रोलपासून सुटून मागे राहतं. ते दिसलं की पाऊल हलवत बसू नका, कंबर खाली घ्या. काँटॅक्ट फ्रेम 1 ला 72, फ्रेम 4 ला आणखी खाली 70, आणि 7 ला पाय एकमेकांजवळून जातात तेव्हा 77. फ्रेम 13 ला उलट पायाचा काँटॅक्ट. तो पोझ कॉपी करून Ctrl+Shift+V ने उलटा पेस्ट होतो, फक्त हाडांच्या नावांना .L आणि .R हवं. फ्रेम 25 ही 1 चीच नक्कल, म्हणून प्लेबॅक 24 ला थांबवा, नाहीतर दर फेरीला एक फ्रेम अडखळते.

पाय घसरण्याचं कारण वेगळं आहे. जागेवर चालवताना टेकलेलं पाऊल 12 फ्रेममध्ये 60 सेंमी मागे जातं, म्हणजे दर फ्रेमला 5. ब्लेंडर कीफ्रेमना आपोआप Bezier वक्र लावतो, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी वेग मंदावतो. टेकलेल्या भागात पावलाच्या कीफ्रेम Linear करा आणि रूट हाड दर फ्रेमला 5 सेंमी पुढे सरकवा. पाऊल जमिनीला चिकटून बसेल.

रिगमध्ये बघायच्या गोष्टी थोड्याच. एडिट मोडमध्ये गुडघा किंचित पुढे वाकलेला हवा, नाहीतर कुठे वाकायचं ते पावलाच्या जागेवरून पाय वाकवणाऱ्या IK ला कळत नाही. नडगीच्या हाडावरच्या IK मध्ये Chain Length 2 करा. 0 म्हणजे अख्खी साखळी, मग पाऊल उचललं की पाठही ओढली जाते. गुडघ्याची दिशा ठरवणारा पोल लावल्यावर गुडघा बाजूला फिरला तर Pole Angle 90 किंवा -90 करून बघा.

Rigify च्या पायाला IK Stretch असतो आणि तो सुरुवातीपासून चालूच असतो. पाय पोचला नाही तर हाड लांब होतं. पाऊल सुटत नाही म्हणून सहकाऱ्याला वाटायचं रिग सुधारलं. प्रत्यक्षात नडगी रबरासारखी ताणली जायची. तो Stretch 0 करा, तीच चूक पुन्हा दिसते.

चेहऱ्याला शेप कीज, म्हणजे मेशचे साठवून ठेवलेले आकार, पुरेत: डोळे मिटणं, हसू, भुवया वर, भुवया खाली. त्याआधी Mirror मॉडिफायर अप्लाय करा. शेप कीज असलेल्या मेशवर तो नंतर अप्लाय होत नाही. खरा त्रास पापणीचा. शेप की शिरोबिंदू सरळ रेषेत सरकवते आणि डोळा गोल, म्हणून अर्धी मिटलेली पापणी डोळ्यात घुसते. `blink.L` 0.5 वर ठेवून दुसरी की `blinkfix.L` बनवा, तिची किंमत 1 करा, यादीखालचं Shape Key Edit Mode चालू करून पापणी बाहेर ओढा. तिच्यावर ड्रायव्हर, म्हणजे किंमत आपोआप ठरवणारं सूत्र, लावा; त्यात `v` म्हणजे `blink.L` ची किंमत:

```
4*v*(1-v)
```

पापणी उघडी किंवा पूर्ण मिटलेली असताना हे शून्य असतं, मध्यावर 1.

एवढ्या कामाला हाताने केलेलं रिग बास. बोटं वाजवताना दाखवायची असतील किंवा संवाद असतील, तर मात्र सहकाऱ्याचं ऐका आणि Rigify घ्या. ढोल कमरेच्या हाडालाच जोडा, छातीला नको; छाती खांद्यांबरोबर वळते आणि ढोल मांडीत शिरतो.